दोन वर्षांची खोली आणि पहिली तीन मिनिटं

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या हजारो घरांत एक निर्णय होतो. पोरीला किंवा पोराला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवायचं, नाहीतर नांदेडला. जेवणाची आबाळ नको आणि अभ्यासावर कुणाचं तरी लक्ष हवं, म्हणून आईही सोबत जाते. क्लासच्या जवळ एक खोली भाड्याने घेतली जाते. वडील नोकरी आणि शेती सांभाळत गावी राहतात आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने येतात. ‘लातूर पॅटर्न’बद्दल गुणांच्या भाषेत खूप लिहिलं गेलं आहे. पण त्या दोन वर्षांत नवरा-बायकोच्या शरीरसंबंधाचं काय होतं, याबद्दल कुणी बोलत नाही, आणि सगळ्यांत कमी बोलतं ते जोडपं स्वतः.

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली की शारीरिक जवळीक हळूहळू कमी होणं फार घरांत घडतं. त्यासाठी लातूरची खोलीच लागते असं नाही. मात्र या खोलीमुळे त्यामागची कारणं एकत्र येतात आणि नीट दिसतात, म्हणून हे प्रकरण तिच्याभोवती लिहिलं आहे.

एक जोडपं

समजण्यासाठी एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. नवरा मुखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, वय 49. पाच वर्षांपासून शुगर. बायको 45 वर्षांची. लेक अकरावीला गेली तशी ती दोन वर्षं तिच्यासोबत लातूरला राहिली. खोली एकच. लेक रात्री एक-दीडपर्यंत दिवा लावून बसायची. शनिवारी नवरा आला की त्याचं अंथरूण दाराजवळ पडायचं आणि मायलेकी आत झोपायच्या. पहिल्या काही महिन्यांत दोघांना एकमेकांची ओढ वाटायची. पुढे ती ओढ मनातच ठेवायची सवय झाली. रविवारी दुपारी किराणा भरून, भाड्याचे पैसे देऊन तो परतायचा.

परीक्षा झाली, लेक कॉलेजला गेली, बायको गावी परतली. घरात आता दोघंच. तरी तो बैठकीतच मोबाईल बघत झोपतो, ती आतल्या खोलीत. परतल्यानंतर एकदाच ते जवळ आले. तिला आत आग झाल्यासारखं दुखलं, तिने अंग चोरलं. ते बघून त्याची ताठरता गेली. दोघंही काही न बोलता कूस बदलून झोपले. त्यानंतर आठ महिने कुणी पुढाकार घेतलेला नाही.

आता दोघांच्या मनात काय आहे ते पाहा. त्याला वाटतं, हिला मी नकोसा झालोय, आणि त्यातून आपल्याला जमतही नाही, म्हणजे पुन्हा अपमानच. तिला वाटतं, आपलं अंग सुटलं, वय दिसायला लागलं, म्हणून त्यांचं मन उडालं. दोघांचीही समजूत चुकीची आहे, पण ती दुरुस्त करू शकणारी माणसं त्या घरात दोनच आहेत आणि ती गप्प आहेत.

शरीरात काय बदललं

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षाच्या आसपास थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं शरीरातलं इस्ट्रोजेन खालीवर होत कमी होत जातं. त्यामुळे योनीची त्वचा पातळ होते, ओलावा उशिरा येतो आणि कमी येतो. मग संबंधाच्या वेळी जळजळ होते, दुखतं. दुखेल या भीतीने स्नायू आवळले जातात आणि आणखी दुखतं. रात्री अंगाची लाही होऊन झोप मोडते ती वेगळीच. यात नवऱ्याबद्दलच्या नावडीचा काही संबंध नाही. ज्यांची गर्भपिशवीसोबत अंडाशयंही काढली आहेत, त्यांना हा बदल टप्प्याटप्प्याने न येता एकदम येतो. चाळिशीच्या आत असं ऑपरेशन झालेल्या बायका आपल्या भागात कमी नाहीत.

पुरुषाकडे बघू. मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना केव्हा ना केव्हा ताठरतेची अडचण येते. वाढलेल्या साखरेने बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून तोच बिघाड तिथे आधी दिसतो. काही पुरुषांत ताठरता कमी झाल्यानंतर दोन ते पाच वर्षांत हृदयाचा त्रास सुरू होतो. त्यामुळे ही अडचण लपवणं म्हणजे हृदयाची एक आगाऊ सूचना लपवणं आहे. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही ताठरता किंवा इच्छा कमी होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टरांना सांगितलं तर अनेकदा ती बदलून मिळते.

एक खूण घरीच कळते. पहाटे झोपेतून उठताना ताठरता पूर्वीसारखी येत असेल आणि बायकोजवळ जाताना जात असेल, तर कारण बहुधा धास्ती, ताण किंवा दोघांमधला अबोला हे असतं. पहाटेचीही येईनाशी झाली असेल, तर शरीर तपासायला हवं. अनेकांत ही दोन्ही कारणं एकात एक मिसळलेली असतात. या शिक्षकाचंही तसंच आहे. शुगरने ताठरता आधीच कमी केली होती, त्यात त्या एका रात्रीची धास्ती भरली.

इच्छा आधी की जवळीक आधी

बहुतेक जोडपी एका चुकीच्या समजुतीने वाट बघत बसतात. आधी मनात इच्छा उठेल, मग आपण जवळ जाऊ, असं त्यांना वाटतं. लग्नाच्या पहिल्या वर्षांत तसं घडतं, म्हणून तोच नियम वाटतो. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली वेगळं चित्र मांडलं. दीर्घ संसारात, विशेषतः स्त्रियांमध्ये, क्रम बरेचदा उलटा असतो. मन निवांत असतं, शेजारी विश्वासाचं माणूस असतं, स्पर्श होतो, शरीर त्याला प्रतिसाद देतं आणि मग इच्छा जागी होते.

ही एक गोष्ट समजली की अनेक तक्रारींचा अर्थ बदलतो. “तिला कधी आपणहून वाटतच नाही,” असं म्हणणाऱ्या नवऱ्याने आधी हे बघायला हवं की इच्छा उठावी असा निवांत स्पर्श त्या घरात उरला आहे का. लातूरहून परतलेल्या जोडप्यात तो उरलेला नसतो. दोन वर्षांत हात धरणं, पाठीवरून हात फिरवणं, शेजारी टेकून बसणं हे सगळंच बंद झालं. आता त्याने खांद्यावर हात ठेवला, तरी तिला वाटतं की हे लगेच संबंधाकडे जाणार आणि मग दुखणार. म्हणून ती बाजूला होते. तिने बाजूला होणं हा त्याला नकार वाटतो, म्हणून तो हातही लावायचं सोडतो. अंतर असं एकेका पायरीने वाढतं.

पहिली तीन मिनिटं

अमेरिकेत जॉन गॉटमन आणि सिबिल कारेर यांनी 1999 साली नवविवाहित 124 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडप्यांना मतभेदाच्या एखाद्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पुढच्या सहा वर्षांत कोणत्या जोडप्यांचा घटस्फोट होईल याचा अंदाज बांधायला त्यातली पहिली तीन मिनिटं पुरेशी ठरली. दोषारोपाने सुरू झालेलं बोलणं सहसा दोषारोपावरच संपतं. तो अभ्यास नव्या जोडप्यांचा आणि परदेशातला होता. तरीही जुन्या संसारातल्या या सगळ्यांत नाजूक विषयाला त्यातली गोष्ट तंतोतंत लागू पडते. इथे पहिल्या वाक्याने समोरच्याला लाज वाटली, तर दुसरं वाक्य ऐकलंच जात नाही.

म्हणून वेळ आणि जागा आधी ठरवावी. अंथरुणात बोलू नये, कारण तिथलं प्रत्येक वाक्य आत्ताच्या आत्ता काहीतरी करण्याची मागणी वाटतं. जमलं नाही त्या रात्री तर अजिबात बोलू नये. सासू-सासरे शेजारच्या खोलीत असतील तर आवाज दाबून बोलावं लागतं, आणि दाबलेल्या आवाजात माया ऐकू येत नाही. शेताकडे चालत जाताना, संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर, किंवा घरात कुणी नसताना दुपारी, असं बोलणं सोपं जातं. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हा मोठा आधार असतो. एका वेळेला वीस मिनिटं पुरतात.

पहिल्या वाक्यात तीन गोष्टी असाव्यात: आपण भांडायला आलेलो नाही, आपल्याला स्वतःला काय वाटतं, आणि आपल्याला काय हवंसं वाटतं. ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ने सुरू होणारं वाक्य तक्रारीकडे जातं. “तुम्हाला काय, मोबाईल असला की झालं,” हे तिचं वाक्य आणि “तुझं आता पोरांतच मन,” हे त्याचं वाक्य, या दोन्हींच्या आत खरं तर ‘मला तुझी उणीव भासते’ हेच असतं. ते तसंच बोलायचं.

आपल्या जोडप्यात ती सुरुवात करते, असं समजू. आपल्याकडे बाईने हा विषय काढला की काहींना ते निर्लज्जपणाचं वाटतं, म्हणून तिला जास्त धीर लागतो. शेताच्या वाटेवर ती म्हणते:

“ओ, एक सांगू का? भांडायचं नाही. मला काय होऊ लालंय ते तुम्हाला सांगावं म्हणते. लातूरहून आल्यापासून आपण जवळ बसलोच नाही. मला करमत नाही.”

तो लगेच आपली बाजू सांभाळतो. हे होणारच. “आता या वयात काय... अन् तुलाच नको असतं की.”

इथे बोलणं मोडू शकतं. ‘मी कधी नको म्हणाले?’ असं विचारलं की आठ महिन्यांचा हिशेब सुरू होतो. ती हिशेब न काढता माहिती देते:

“नको नसतं ओ. त्या दिवशी मला लई दुखलं. पाळी मागं-पुढं व्हायलीय तसं आत कोरडं पडतंय. तुम्हाला सांगायची लाज वाटली. अन् मग तुम्ही इकडं फिरकलाच नाहीत, तर मला वाटलं, मी आवडेना तुम्हाला.”

तो बराच वेळ गप्प चालतो. हा गप्पपणा तिने भरून काढायचा नाही. बऱ्याच पुरुषांना या विषयावर तोंड उघडायला वेळ लागतो. मग तो म्हणतो:

“आवडेना कसं म्हणतीस? माझ्यानंच होईना. शुगरमुळं असंल. तुला कोणत्या तोंडानं सांगू?”

या चार वाक्यांनी आठ महिन्यांचे दोन गैरसमज संपले. अजून काहीही ‘सुधारलेलं’ नाही. पण दोघांना कळलं आहे की अडचण शरीराची आहे आणि ती दोघांची मिळून आहे. पहिल्या दिवशी एवढ्यावरच थांबावं. त्याच रात्री सिद्ध करून दाखवण्याची घाई केली, तर पुन्हा दुखतं, पुन्हा जमत नाही, आणि बोलूनही काही उपयोग नाही असा नवा समज तयार होतो.

उत्तर देणाऱ्यानेही दोन गोष्टी पाळाव्यात. समोरच्याने सांगितलेली अडचण पुढच्या भांडणात हत्यार म्हणून कधी वापरायची नाही. ‘तुमच्याच्यानं होतंय काय’ हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं, तर तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. आणि ती गोष्ट घराबाहेर, बहिणीला किंवा मित्राला, त्याच्या किंवा तिच्या परवानगीशिवाय सांगायची नाही.

पुन्हा जवळ यायच्या पायऱ्या

बोलणं झाल्यावर काय करायचं, यासाठी विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी 1970 साली मांडलेली पद्धत लैंगिक समुपदेशनात आजही वापरली जाते. तिचा पाया एका नियमावर आहे: काही आठवडे संबंध करायचाच नाही, असं दोघांनी आधी ठरवून टाकायचं. हा नियम उलटा वाटतो, पण त्यामुळे तिची दुखण्याची भीती आणि त्याची नापास होण्याची भीती एकदमच जाते.

पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. दाराला कडी, मोबाईल बाहेर. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर, हातांवर, केसांत, पायांवर निवांत हात फिरवायचा, मग अदलाबदल. छाती आणि जननेंद्रियं वगळायची. कपडे ठेवायचे की नाही, ते दोघांच्या सोयीने. ज्याला स्पर्श होतोय त्याने एवढंच सांगायचं की कुठे बरं वाटतंय आणि कुठे नको. पुढचे दोन आठवडे वगळलेली अंगंही स्पर्शात येतात, पण संबंध अजूनही नाही. ताठरता आली तर येऊ द्यायची, गेली तर जाऊ द्यायची, तिच्या मागे लागायचं नाही. त्यानंतर दोघांनाही हवं असेल तर पुढे जायचं, तिच्या गतीने आणि वंगण वापरून.

कुठे बिघडतं तेही माहीत असावं. सगळ्यांत नेहमीचं म्हणजे पहिल्याच आठवड्यात बरं वाटलं म्हणून नियम मोडणं. मग पुढच्या वेळी स्पर्श सुरू होताच तिच्या मनात ‘आता पुढे काय’ ही धास्ती परत येते. दुसरं म्हणजे त्या वीस मिनिटांत परीक्षकासारखं स्वतःवर लक्ष ठेवणं. मन तिकडे गेलं की हाताखालच्या त्वचेकडे, तिच्या उबेकडे परत आणायचं. पद्धत लागू पडतेय हे संबंध झाला की नाही यावरून ओळखायचं नाही. दिवसभरात सहज हात लागू लागला, एकाच खोलीत अंथरूण पडू लागलं, ‘आज नको’ असं म्हणताना भीती वाटेनाशी झाली, की ओळखावं, वाट बरोबर आहे.

‘नको’ला मान असणं ही यातली मूळ अट आहे. ज्या घरात मारहाण, जबरदस्ती किंवा धाक आहे, तिथे या पायऱ्या आणि हे संवाद लागू होत नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात पतीकडून होणारा लैंगिक छळही येतो, आणि तिथे आधी 181 या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी. याउलट, दोघांनाही मनापासून शरीरसंबंध नकोसे वाटत असतील आणि बाकी माया शाबूत असेल, तर त्यांनी कुणाच्या हिशेबाने काही सुरू करण्याची गरज नाही. दुःख होतं ते एकाला हवं असतं आणि बोलता येत नसतं तेव्हा.

डॉक्टरांना काय सांगायचं

र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक त्यांना आपल्या लैंगिक अडचणींची पत्रं पाठवत, आणि ते त्यांना उत्तरं देत. दूरच्या अनोळखी संपादकाला लिहिणं घरातल्या माणसाशी बोलण्यापेक्षा सोपं वाटावं, ही अवस्था आजही फारशी बदललेली नाही. आज त्या अनोळखी माणसाची जागा एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींनी घेतली आहे. त्या औषधांत काय घातलं आहे ते कळत नाही, आणि शुगर किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसासाठी ते धोक्याचं असू शकतं.

खरी मदत जवळच आहे. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, या दोन्ही ठिकाणी औषधवैद्यकशास्त्र, स्त्रीरोग आणि मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

अडचण अशी की ओपीडीत गर्दी असते, दोन मिनिटं मिळतात, आणि माणूस ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून ताकदीच्या गोळ्या घेऊन परततो. म्हणून वाक्य घरूनच ठरवून न्यावं. पुरुषाने म्हणावं: “मला पाच वर्षांपासून शुगर आहे. आठ महिन्यांपासून ताठरता टिकत नाही, पहाटेचीही कमी झाली आहे. या गोळ्या चालू आहेत.” एवढ्यावर डॉक्टर तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए1सी चाचणी, रक्तदाब, कोलेस्ट्रॉल आणि गरज वाटल्यास हृदयाची तपासणी सुचवू शकतात. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी मिळू शकते. ती इच्छा निर्माण करत नाही, स्पर्श आणि उत्तेजना असेल तरच काम करते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जो घेतो, त्याने सिल्डेनाफिल कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो.

स्त्रीने म्हणावं: “पाळी अनियमित झाली आहे. संबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे आग होते आणि दुखतं.” तिला पाण्यावर आधारित वंगण सुचवलं जातं. तेवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देता येतं, त्याचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगावं. संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर ते वयाचं म्हणून सोडून न देता लगेच तपासून घ्यावं.

शक्य असेल तर दोघांनी एकत्र जावं. आत एकेकट्याने बोललं तरी चालेल, पण बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी एकमेकांना सांगावं. तो गोळी चोरून घेऊ लागला किंवा ती क्रीम लपवून ठेवू लागली, तर शरीराचा उपचार होईल, पण आठ महिन्यांचा अबोला तसाच राहील.